साहेब झापत असताना वहीत काय लिहायचं

प्रश्न: बेलापूरला एका फॉरवर्डिंग कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघतो. साहेब केबिनमध्ये बोलावून झापतात. मी लगेच बाजू मांडायला लागतो, मग ते आणखी भडकतात. बाहेर आल्यावर डोकं फक्त तापलेलं असतं, नेमकं काय सुधारायचं ते हाती लागत नाही. काय करू?

केबिनमध्ये जाताना मोबाइल टेबलावर ठेवा, वही आणि पेन घेऊन जा. साहेब जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आपल्या शब्दांत लिहायला गेलात की लिहितानाच वाद सुरू होतो. हात लिहिण्यात गुंतला की तोंड आपोआप बंद राहतं, आणि समोरच्यालाही दिसतं की हा ऐकतोय. नुसतं गप्प बसलं तर तेच 'तोंड वाकडं करून बसलाय' असं वाटतं.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. समजा न्हावा शेवा बंदरात गाडी गेटवर अडकली, कारण कंटेनर आत न्यायला लागणाऱ्या फॉर्म १३ मधला सील नंबर कंटेनरवरच्या सीलशी जुळेना. साहेब म्हणाले, "तुला काही कळतं का? दर वेळी शेवटच्या क्षणी घोळ. गाडी गेटवर उभी आहे हे मला पार्टीच्या फोनवरून कळतंय! इतकी वर्षं झाली, एक काम धड नाही."

अशा वेळी बहुतेक जण सील नंबर का चुकला ते सांगायला लागतात: फॅक्टरीने तसाच पाठवला होता, शनिवार होता, वगैरे. सगळं खरं असेल, पण साहेबांची तक्रार ती नाहीच. चार वाक्यांपैकी ठोस घटना एकाच वाक्यात आहे, 'मला पार्टीच्या फोनवरून कळतंय'. त्यांना झोंबलंय ते पार्टीसमोर अंधारात पकडलं जाणं. तुम्ही सील नंबरवर खुलासा देत राहिलात, तर त्यांना वाटणार की याला अजून मुद्दाच कळला नाही, आणि आवाज चढणार. तुमची भांडणं वाढतात ती बहुधा इथेच.

म्हणून वहीत लिहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे, बाहेर आल्यावर, एक अक्षर टाका. घटना असेल तर 'घ', मोजता येण्यासारखा आरोप असेल तर 'मो', नुसता राग असेल तर 'रा'. 'तुला काही कळतं का' आणि 'एक काम धड नाही' हे 'रा'. त्यांच्याशी वाद घालायचा नाही आणि ते घरीही न्यायचे नाहीत. 'दर वेळी' हा मात्र 'मो'. अतिशयोक्ती आहे म्हणून तो उडवून लावण्याचा मोह होतो, पण मोजून बघण्यासारखं नेमकं तेच असतं.

केबिनमध्ये असताना बोलायचं ते फार थोडं. आधी सावकाश श्वास सोडा, मग ऐकलेली घटना परत सांगा: "साहेब, गाडी अडकल्याचं तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं, ते पार्टीकडून कळलं." यात तुम्ही सगळं मान्य केलेलं नाही, फक्त मुद्दा समजला एवढंच सांगितलंय. मग एकच प्रश्न विचारा: "असं पुन्हा झालं तर तुम्हाला किती वेळात आणि कसं कळवू, फोन की मेसेज?" 'माझं काय चुकलं?' असं विचारू नका. त्यावर तुमच्या स्वभावाचं प्रमाणपत्र मिळतं, कामाचं काही मिळत नाही.

हा फरक माझ्या मनाचा नाही. १९९६ साली अवराहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायाचा कामावर काय परिणाम होतो, याचे आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरीने काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट बिघडलेलं दिसलं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून स्वतःवर, म्हणजे 'मी कसा आहे' यावर सरकलं की अभिप्रायाचा उपयोग घटत जातो. साहेबांचं बोलणं तुमच्या हातात नाही, पण तुमचा प्रश्न ते बोलणं पुन्हा कामावर आणू शकतो.

दोन गोष्टी टाळा. एक म्हणजे 'सॉरी सर, सॉरी सर'चा जप. त्याने बोलणं लवकर संपतं खरं, पण तपशील मिळायच्या आधी संपतं. दुसरी म्हणजे 'पण'. 'बरोबर आहे साहेब, पण' म्हटलं की 'बरोबर आहे' कुणालाच ऐकू येत नाही. साहेब धादांत चुकीचं बोलले असतील तर "हे मी मेल बघून संध्याकाळपर्यंत सांगतो" एवढंच म्हणा आणि खरंच सांगा.

त्याच दिवशी कुणाला काही लिहू नका, ऑफिसच्या ग्रुपवर तर नाहीच. ठाण्याच्या लोकलमध्ये बसून टाइप केलेला खुलासा कितीही मुद्देसूद वाटला तरी दुसऱ्या दिवशी वाचवत नाही. फक्त ती 'संध्याकाळपर्यंत' म्हणून कबूल केलेली गोष्ट असेल तर तेवढी एक ओळ, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'मो' तपासा. मागच्या दहा शिपमेंटचे मेल उघडा आणि अडचण तुम्हाला कधी कळली व साहेबांना कधी कळवली, या दोन वेळा शेजारी शेजारी लिहा. समजा तीन ठिकाणी उशीर निघाला. म्हणजे 'दर वेळी' खोटं ठरलं, पण दहात तीन हे काही कमी नाही. आता त्या तिन्हींत सारखं काय ते बघा. तिन्ही वेळा फॅक्टरीची पॅकिंग लिस्ट आणि सील नंबर शनिवारी दुपारनंतर आले असतील, तर दुरुस्ती कुठे करायची ते सापडलं. नुसतं 'जास्त लक्ष देईन' म्हणून हे सापडलं नसतं.

मग साहेबांना छोटा मेल:

"साहेब, मागच्या दहा शिपमेंट तपासल्या. तीनमध्ये तुम्हाला उशिरा कळवलं गेलं, तिन्ही शनिवारच्या. यापुढे गाडी अडकली की अर्ध्या तासात तुम्हाला फोन करेन, कारण कळलेलं नसलं तरी. फॉर्म १३ भरण्याआधी फॅक्टरीकडून लावलेल्या सीलचा फोटो मागवेन. कालचा नंबर फॅक्टरीच्या मेलमध्ये होता तोच भरला होता, मेल सोबत जोडला आहे."

तुमची बाजू शेवटच्या ओळीत आहे, विशेषणांशिवाय आणि पुराव्यासकट. हीच ओळ पहिली टाकली असती तर पुढचं कुणी वाचलं नसतं. अर्धा तास हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय. साहेबांनी केबिनमध्ये सांगितला असेल तोच लिहा.

हे सगळं रागावलेल्या साहेबांसाठी आहे, शिव्या देणाऱ्यांसाठी नाही. आई-बहिणीवरून किंवा जातीवरून बोलणं झालं, तर त्यातून मुद्दे वेचत बसू नका. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि एचआरला लेखी द्या. वहीत पानामागून पान नुसते 'रा' भरत असतील, विचारूनही एक 'घ' मिळत नसेल, तर ही पद्धत तिथे चालणार नाही आणि दुसरी नोकरी बघायला लागणं योग्यच.

मेलला उत्तर आलं नाही तर मागे लागू नका, असे साहेब बहुधा उत्तर देत नाहीत. पुढच्या वेळी गाडी अडकली की ठरलेल्या वेळेत फोन करा आणि पहिलं वाक्य हे ठेवा: "साहेब, गाडी गेटवर आहे, पार्टीला अजून माहीत नाही, तुम्ही बोलता का मी कळवू?"