काट्यावरचं ‘ml’ मधासाठी नसतं

“कृतीत अर्धा कप मध सांगितला होता. कपाला चिकटून राहतो म्हणून काट्यावर ml करून बरोबर १२० घेतला. तरी केक फिका आणि कोरडा झाला. मध कमी पडला का?” (वाशी)

हो ताई, कमीच पडला, आणि थोडाथोडका नाही. काटा फक्त वजन ओळखतो. ml चं बटण दाबलं की तो भांड्यात पाणी आहे असं धरून १ ग्रॅमला १ मिली दाखवतो. मध पाण्यापेक्षा जड, १ मिलीला साधारण १.४ ग्रॅम. म्हणजे तुम्ही १२० ग्रॅम मध घेतलात, तो मापाने जेमतेम ८५ मिली, एक तृतीयांश कपाच्या थोडा वर. अर्धा कप, म्हणजे १२० मिली मध, १७० ग्रॅम भरतो. ५० ग्रॅम राहिला, त्यात ४० ग्रॅमच्या आसपास साखर होती. केकला रंग आणि ओलावा मुख्यतः तीच देते, म्हणून ओव्हनकडे नंतर बघा.

कपाबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. परवा ठाण्याला घरी मी रिकामा स्टीलचा कप तोलला, मध भरून ओतला आणि न निपटता परत तोलला. १२ ग्रॅम आतच होता.

पुढच्या वेळी काटा g वर ठेवा. केकचंच भांडं ठेवून शून्य करा आणि मध आधी ओता. पिठावर ओतलेला जास्तीचा मध परत काढता येत नाही, रिकाम्या भांड्यातून चमच्याने काढता येतो. १६५ ला बाटली उभी करा, कारण लोंबणारी धार अजून खाली यायची असते. फार हळू थेंब थेंब सोडू नका. बरेच काटे इतकी सावकाश वाढ मोजतच नाहीत, किंवा मध्येच बंद होऊन शून्य विसरतात.

यातून सुटायला मला उलटी रीत जास्त आवडते. मधाची बाटलीच काट्यावर ठेवून शून्य करा, मध काढा, बाटली परत ठेवा. −१७० दिसलं की झालं. चमच्याने काढत असाल तर चमचाही बाटलीबरोबर तोला, म्हणजे त्याला चिकटलेला मध हिशेबात येत नाही. कढई गॅसवर असेल तेव्हा तर हीच रीत बरी.

थंडीत मध साखरला तरी वजन तेच राहतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा आणि मग घ्या.

काकवीलाही अर्ध्या कपाला १७० च्या जवळपास धरा. पण घरी साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या पातळ सिरपला हा आकडा लावू नका. ते अर्धा कप साधारण १४८ ग्रॅम भरतं, आणि पाक जसा आटवाल तसं ते वाढत जातं. एक चमचाभर मधासाठी, म्हणजे ५ मिलीला ७ ग्रॅमसाठी, साधा काटा नकोच. एका ग्रॅमची चूक तिथे फार मोठी होते. तेवढ्याला चमच्याला तेलाचं बोट लावून मोजलेलं बरं.