थकलेलं भाडं आणि जुने भाडेकरू

प्रश्न : आमच्या गावात बसस्टँडजवळ आमची खोली आहे. वडिलांच्या वेळेपासून एक भाऊ तिथं शिलाईचं दुकान चालवतात. भाडं महिना २,५०० रुपये. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचं थकलं, फक्त पोळ्याला ३,००० दिले. मागायला गेलो की म्हणतात, ‘कापूस निघू दे.’ कुलूप लावा, असं घरचे म्हणतात. मला संबंध तोडायचे नाहीत. काय करू? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : कुलूप लावू नका आणि वीजही तोडू नका. ताबा कोर्टामार्फतच मिळतो. जबरदस्ती केलीत तर भाडं बाजूला राहील आणि तुम्हालाच उत्तरं देत बसावं लागेल. त्यांची अडचण खरी दिसते, कारण गिऱ्हाइकाच्या हाती पैसा आला की त्यांची उधारी वसूल होणार. पण तोंडी मागण्याचा पुरावा राहत नाही. म्हणून पत्र लिहा आणि त्यात महिनेवार हिशेब मांडा. पोळ्याचे ३,००० आधी जुन्या बाकीत वळते करायचे : जून फिटला, जुलैचे ५०० आले. म्हणजे जुलैचे २,००० आणि पुढच्या तीन महिन्यांचे ७,५०० मिळून ९,५०० बाकी.

मजकूर असा ठेवा :

‘आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार. वडिलांपासूनचा आपला व्यवहार सचोटीचा आहे आणि तो तसाच राहावा ही इच्छा आहे. वरील हिशेबाप्रमाणे ९,५०० रुपये बाकी आहेत. यातले ५,००० येत्या ३० नोव्हेंबरपर्यंत आणि ४,५०० येत्या ३१ डिसेंबरपर्यंत द्यावेत. नोव्हेंबरपासूनचं चालू भाडं त्या-त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत यावं. हिशेबात चूक वाटल्यास आठ दिवसांत सांगावं.’

खोली खाली करण्याची भाषा या पत्रात नको. दोन प्रती काढा आणि स्वतः नेऊन द्या. तुमच्या प्रतीवर ‘बाकी कबूल’ असं लिहून तारखेसह त्यांची सही घ्या. ही सही फार कामाची आहे. थकलेल्या भाड्याच्या दाव्याला प्रत्येक महिन्याच्या भाड्यापासून तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली, तर तिथून ती नव्यानं मोजतात. मुदत संपलेली बाकी मात्र नुसत्या कबुलीनं जिवंत होत नाही. सही नाकारली, तर तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवा.

तारखा हुकल्या तरच वकिलाची नोटीस द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांनाच लागू होतो. तुमचं गाव त्यात येतं का, हे तालुक्याच्या वकिलाकडून आधी तपासून घ्या. लागू असेल, तर थकबाकीवरून ताब्याचा दावा लेखी मागणी पोचल्यावर ९० दिवसांनीच करता येतो. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं बाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं आणि दाव्याचा खर्चही दिला, तर त्या कारणावरून ताबा मिळत नाही. कायदा लागू नसेल आणि वेगळा करार नसेल, तर दुकानाचं महिनेवारी भाडं संपवायला १५ दिवसांची नोटीस लागते.

पैसे आले की लगेच पावती द्या आणि ते कोणत्या महिन्याचे, हे तीवर लिहा.