चढावर गाडी ओढत नाही आणि इंजिनचा दिवा लागतो: फ्युएल पंप की फिल्टर?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते, पण भरलेली असताना चढाला लागली की ओढतच नाही, झटके मारते आणि इंजिनचा दिवा लागतो. कोड P0171 आहे. गॅरेजमध्ये इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवून फ्युएल प्रेशर बघितलं, ते बरोबर निघालं. आता ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात. पंप किंवा फिल्टर खराब असता तर प्रेशर कमी आलं नसतं का?

उत्तर: नाही, आलं नसतं. आणि नेमकं इथेच बहुतेकांची फसगत होते. उभ्या गाडीत आलेल्या चांगल्या प्रेशरवरून पंप आणि फिल्टर दोघांनाही निर्दोष ठरवता येत नाही. सेन्सर सध्या बदलू नका.

न्यूट्रलमध्ये शांतपणे फिरणारं लहान गाडीचं इंजिन तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पितं. तेच इंजिन पूर्ण ताकद लावतं तेव्हा तासाला वीस लिटरच्या पुढे जातं. फिल्टर कितीही तुंबलेला असला तरी त्यातून एक लिटर आरामात झिरपतो, म्हणून गेजचा काटा जागेवर उभा राहतो. फिल्टर प्रेशर खातो तो पेट्रोल वाहायला लागल्यावर, आणि जितकं जास्त वाहील तितकं जास्त खातो. पाण्याच्या पाइपाला आत गाळ धरला असेल तर नळ बंद असताना पाइपात पूर्ण दाब असतो, नळ पूर्ण उघडला की धार बारीक होते. तुमच्या गाडीचा नळ चढावर उघडतो.

P0171 चा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सर हे सांगतोय म्हणून त्यालाच काढून टाकायचं, हे मला पटत नाही. आधी तो खरं बोलतोय का ते बघा. स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम दोन वेळा बघायचा, एकदा उभ्या गाडीत आणि एकदा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटरने आपणहून वाढवलेलं किंवा घटवलेलं पेट्रोल, टक्क्यांत. उभ्या गाडीत +3 किंवा +5 आणि लोडवर +18, +20 असं चढत गेलं, तर पेट्रोल कमी पोचतंय हा संशय पक्का धरा. उलट उभ्या गाडीत जास्त आणि वेग वाढल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय, आणि पंपाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मळलेला एअर फ्लो सेन्सरही ट्रिमचं हेच चित्र दाखवतो. म्हणून शेवटचा निकाल गेजच देतं, पण ते चालत्या गाडीत लावलं तरच.

माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो, तुमच्यासारखीच होती. फिल्टर गाडीच्या पोटाखाली, रेग्युलेटर पुढे इंजिनवरच्या रेलवर, आणि तिथून जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न नळी. मालकाने दुसऱ्या गॅरेजात आधीच प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर बदलून घेतला होता, फरक शून्य. ट्रिम उभ्या गाडीत +4 आणि चढावर +19 दिसला. गेज लावलं. उभ्या गाडीत 2.5 बार, अगदी पुस्तकातल्याप्रमाणे. मग गेजची नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढली, ती कुठे गरम भागाला किंवा पट्ट्याला घासत नाही ना हे दोनदा तपासलं, आणि गेज बाहेरच्या बाजूने काचेवर चिकटपट्टीने बसवलं. गेज कधीही आत, माणसं बसतात तिथे आणायचं नाही. नळी सुटली तर पेट्रोल अंगावर येईल.

मालक गाडी चालवत होते, मी शेजारी बसून काटा बघत होतो. चढावर पाय दाबला की काटा 2.5 वरून 3 वर जायला हवा, कारण मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम गेला की रेग्युलेटर प्रेशर वाढवतो. काटा 3 कडे निघाला, मध्येच थबकला आणि उतरू लागला. 1.8 वर आला तेव्हा पहिला झटका बसला. पाय उचलला, काटा परत जागेवर. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच.

इथवर एवढं कळलं की पेट्रोल कमी पडतंय. पण पंप कमजोर की फिल्टर तुंबलेला, ते अजून कळलं नव्हतं. बरेच जण इथे अंदाजाने पंप घालून मोकळे होतात. दोन छोट्या तपासण्यांत याचा उलगडा होतो.

पहिली तपासणी रिटर्न नळी चिमटण्याची. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून रबरी रिटर्न नळी गुळगुळीत तोंडाच्या क्लॅम्पने दोन-तीन सेकंद दाबायची. प्लॅस्टिकची कडक नळी कधीच चिमटू नका, ती चिरते. परतीची वाट बंद झाली की पंपाच्या अंगात किती जोर आहे ते गेजवर दिसतं. धडधाकट पंप 5 बारच्या पुढे जातो, म्हणून गेज निदान 7 बारचं हवं आणि काटा 5 ओलांडताच क्लॅम्प सोडायचा. अंगातून गेलेला पंप 3, फार तर साडेतीनच्या आसपास अडकतो. त्या गाडीत काटा झटक्यात उडाला नाही, सावकाश सरकत गेला, पण 5 च्या वर पोचला. म्हणजे पंपात जोर होता, पेट्रोलची वाट अरुंद होती.

दुसरी तपासणी बाटलीची. इंजिन बंद आणि थंड, रिटर्न नळी रेलच्या बाजूने सोडून तिथून मापाच्या बाटलीत जोडनळी सोडायची आणि पंपाच्या रिलेच्या जागी जंपर लावून पंप बरोबर 30 सेकंद चालवायचा. बहुतेक गाड्यांना या वेळात अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त यायला हवं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. आमच्या बाटलीत 120 मिली आलं. हिशेब करा, अर्ध्या मिनिटाला 120 म्हणजे तासाला 14 लिटरपेक्षा थोडं जास्त. ते इंजिन साधारण 55 किलोवॅटचं, पूर्ण ताकदीला तासाला 22 लिटरच्या आसपास मागणार. उभ्या गाडीला 14 लिटर म्हणजे चंगळ, चढावर मात्र उपासमार.

फिल्टर काढला आणि ज्या तोंडातून पेट्रोल आत जातं त्याच तोंडाने उलटा करून पांढऱ्या फडक्यावर रिकामा केला. आधी चहाच्या रंगाचं पेट्रोल आलं आणि मागून काळपट तांबडा गाळ, बोटांत चोळला तर रेतीसारखा खरखरीत. टाकीतला गंज होता तो. म्हणून फक्त फिल्टर बदलून भागणार नव्हतं, टाकी उतरवून धुतली आणि पंपाच्या तळाची जाळीही नवी घातली. त्यानंतर 30 सेकंदांत 620 मिली आलं. चढावर काटा 3 वर जाऊन तिथेच राहिला. पंप जुनाच ठेवला. कोड पुसला, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ट्रिम आपोआप +3 पर्यंत उतरला.

बाटलीत कमी आलं आणि चिमटल्यावरही प्रेशर वर गेलं नाही, तर संशय पंपावर. पण तेव्हाही पंप मागवायच्या आधी मल्टीमीटर घ्या. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा, त्याच वेळी बॅटरीवरही मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक चालतो. दीड-दोन व्होल्टचा फरक असेल तर पंप भुकेला आहे, कमजोर नाही. रिले, अर्थिंग किंवा कनेक्टरची जळकी पिन शोधा, नाहीतर नवा पंपही तसाच चालेल. खरोखर झिजलेल्या पंपाची आणखी एक खूण म्हणजे टाकी पाव भागाच्या खाली आणि गाडी तापलेली असताना त्रास वाढतो, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. तुमच्या गाडीचं असं होतं का ते आठवून बघा.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत रेलपासून रिटर्न नळीच नसते. रेग्युलेटर टाकीत, आणि फिल्टरही पुष्कळदा पंपासोबत त्याच डब्यात. तिथे चिमटण्याची तपासणी होत नाही. चालत्या गाडीतलं प्रेशर आणि कनेक्टरवरचं व्होल्टेज एवढ्यावर निर्णय घ्यावा लागतो, आणि अनेकदा अख्खा डबाच बदलतात, त्यामुळे पंप की फिल्टर हा वाद तिथे फारसा उरत नाही. डायरेक्ट इंजेक्शनची गाडी असेल तर हाय प्रेशर नळीला हातही लावू नका, तिथे शंभर बारच्या वर दाब असू शकतो. त्या गाड्यांत रेल प्रेशर स्कॅनरवरच दिसतं, आणि चढावर ते घसरलं की बहुधा P0087 येतो.

कुठलीही नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे नळीतला दाब उतरतो. जोडाभोवती फडकं धरा, जागा मोकळ्या हवेची असू द्या, अग्निशामक हाताशी ठेवा. बाटलीची तपासणी घरी एकट्याने करू नका, उघड्या पेट्रोलजवळ एक ठिणगी पुरते. गॅरेजमध्येच करून घ्या, पण समोर उभे राहा आणि बाटलीतला आकडा स्वतः वाचा.

काम होईपर्यंत गाडी भरून चढाला नेऊ नका. पेट्रोल कमी पडत असताना जोर लावला की सिलिंडर जास्त तापतो, नॉकिंग होतं आणि व्हॉल्व्ह, पिस्टनपर्यंत नुकसान जाऊ शकतं. दिवा स्थिर न राहता लुकलुकायला लागला तर लगेच पाय उचला. तेव्हा मिसिंग होत असतं आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं.

गॅरेजवाल्यांना एवढंच सांगा: गेज लावून माझ्यासोबत चढावर चला. काटा तिथे जागेवर राहिला, तर मग एअर फ्लो सेन्सर साफ करून बघा, आणि त्यानंतरच ऑक्सिजन सेन्सरचं बोलू.