नमुना ३८४ आणि समीक्षकाचा शेरा: रिग्रेशनचं समर्थन कसं लिहायचं?

प्रश्न: रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या प्रौढांचा क्लस्टर सर्व्हे करायचा आहे. आरोग्य केंद्र ५ किमीपेक्षा लांब असेल तर रक्तदाब आटोक्यात राहत नाही का, हे रिग्रेशनने तपासणार आहोत. नमुना ३८४ धरला होता. समीक्षक म्हणतात, 'हा आकडा नियोजित विश्लेषणाला पुरेसा कसा, ते परिच्छेदात पटवून द्या.' काय लिहू?

उत्तर:

३८४ ठेवून कितीही सफाईने लिहिलंत तरी शेरा परत येईल, कारण तो आकडा वेगळ्याच कामाचा आहे. प्रमाण ५०% धरून ते ±५ टक्क्यांच्या अचूकतेने मोजायचं असेल, तर १.९६² × ०.५ × ०.५ ÷ ०.०५² म्हणजे ३८४ येतात. त्यात दोन गटांची तुलना नाही, क्लस्टर नाहीत, नकार देणारे लोकही नाहीत. तुम्हाला मात्र जवळच्या आणि लांबच्या लोकांमधला फरक पकडायचा आहे.

सुरुवात त्या फरकापासून करा. केंद्र जवळ असलेल्यांपैकी ४०% लोकांचा रक्तदाब आटोक्याबाहेर आहे असं समजा, आणि लांबच्यांमध्ये तो ५०% असेल तर ते धोरणाच्या दृष्टीने दखल घेण्याजोगं आहे असं ठरवा. ४०% कुठून आणलं, ते एका वाक्यात सांगावंच लागतं: आधीचा सर्व्हे, पायलट किंवा केंद्राच्या नोंदी. १० टक्क्यांचा फरक मात्र कुठून आणायचा नसतो. 'यापेक्षा लहान फरक सापडला तरी आम्ही काही वेगळं करणार नाही' अशी ती तुमची भूमिका असते, आणि ती तशीच लिहावी. मग R मध्ये:

```
power.prop.test(p1 = 0.40, p2 = 0.50,
                power = 0.80, sig.level = 0.05)
```

उत्तर येतं ३८७.३, म्हणजे प्रत्येक गटात ३८८, एकूण ७७६. एकूण ३८४ जणांवर हीच तुलना केली तर पॉवर जेमतेम ५०% भरते. फरक खरोखर असला तरी तो सापडेल की नाही हे नाणं उडवून ठरवण्यासारखं आहे, आणि हे क्लस्टरचा हिशेब धरण्याआधीचं चित्र आहे.

७७६ हा आकडा दोन्ही गट सारखे असतील तरच खरा. लांब राहणारे फक्त २५% निघाले तर एकूण संख्या सुमारे एक तृतीयांशाने वाढते. म्हणून क्लस्टर निवडतानाच ३० जवळचे आणि ३० लांबचे असे दोन स्तर करा.

आता रिग्रेशनचा भाग. मॉडेलमध्ये वय, शिक्षण, आर्थिक स्तर घातले की अंतराचा परिणाम मोजायला उरलेली माहिती कमी होते, कारण लांब राहणारे लोक या बाबतींतही वेगळे असतात. या घटकांवरून अंतराचा अंदाज बांधला तर R² जितका येईल, त्यानुसार नमुना वाढवायचा. R² ०.१० धरला तर ७७६ ÷ ०.९० = ८६३.

त्यानंतर डिझाइन इफेक्ट. एका क्लस्टरमधले लोक एकमेकांसारखे असतात, त्यामुळे विसाव्या माणसाकडून पहिल्याइतकी नवी माहिती मिळत नाही. सूत्र आहे १ + (m − १) × ICC. इथे m म्हणजे एका क्लस्टरमधल्या मुलाखती, आणि ICC म्हणजे क्लस्टरमधल्या लोकांच्या सारखेपणाचं माप. प्रत्येक क्लस्टरमध्ये २० मुलाखती आणि ICC ०.०२ धरला तर १.३८ येतो, आणि ८६३ चे ११९१ होतात. इथे हा गुणाकार पूर्ण घ्यावाच लागतो, कारण अंतर जवळपास सगळ्या क्लस्टरला एकच असतं. धूम्रपानासारखी एकाच क्लस्टरमध्ये माणसागणिक बदलणारी गोष्ट तपासत असता, तर फटका कमी बसला असता.

शेवटी प्रतिसाद. ९०% लोक तयार होतील असं धरलं तर ०.९ ने भागा: १३२४. पुष्कळ प्रस्तावांत १.१ ने गुणलेलं असतं. त्याने १३११ येतात आणि मुलाखती कमी पडतात. ६० क्लस्टरमध्ये प्रत्येकी २३ जण गाठले तर १३८० होतात आणि साधारण १२४२ मुलाखती हाती येतात.

मॉडेलबद्दल दोन गोष्टींवर समीक्षक हमखास बोट ठेवतात. पहिली: तुमचा आउटकम ४०–५०% लोकांमध्ये आहे, म्हणजे दुर्मीळ नाही. लॉजिस्टिक रिग्रेशन ऑड्स रेशो १.५ देईल आणि वाचणारा त्याचा अर्थ 'धोका दीडपट' असा लावेल, पण ५०÷४० म्हणजे प्रमाण फक्त १.२५ पट आहे. रोबस्ट एररसह पॉयसन रिग्रेशन थेट प्रिव्हलन्स रेशो देतं, ते घ्या. स्टँडर्ड एरर क्लस्टर-रोबस्ट असाव्यात. त्यासाठी ६० क्लस्टर ठीक आहेत, पण साधारण ४० च्या खाली गेलात तर त्या खोटेपणाने लहान दिसू लागतात.

दुसरी: चुकलेल्या गोळ्यांची संख्या कन्फाउंडर म्हणून घालण्याचा मोह. केंद्र लांब, म्हणून गोळ्या चुकतात, म्हणून रक्तदाब वाढतो. ही त्याच वाटेवरची पायरी आहे, आणि ती मॉडेलमध्ये घातलीत तर जो परिणाम मोजायचा तोच पुसला जातो. घटक आधी ठरवा, आणि p-मूल्य पाहून गाळणार नाही हेही लिहा.

एवढं झालं की परिच्छेद असा उतरतो:

> 'प्राथमिक आउटकम: अनियंत्रित रक्तदाब (१४०/९० किंवा अधिक). केंद्रापासून ५ किमीच्या आत ४०% आणि पलीकडे ५०% प्रमाण गृहीत धरून, ८०% पॉवर आणि ५% दुहेरी सार्थकता पातळीसाठी ७७६ सहभागी लागतात. इतर घटकांशी असलेल्या सहसंबंधासाठी (R² = ०.१०) ८६३, डिझाइन इफेक्ट १.३८ साठी (२० प्रति क्लस्टर, ICC ०.०२) ११९१ आणि ९०% प्रतिसादासाठी १३२४. प्रत्यक्षात ६० क्लस्टरमध्ये प्रत्येकी २३, एकूण १३८० पात्र व्यक्तींना विचारले जाईल. विश्लेषण पॉयसन रिग्रेशनने, क्लस्टर-रोबस्ट स्टँडर्ड एररसह. वय, लिंग, शिक्षण, आर्थिक स्तर, मधुमेह आणि निदानानंतरची वर्षे हे घटक पूर्वनिश्चित आहेत. गोळ्यांची नियमितता मध्यस्थ घटक असल्याने मुख्य मॉडेलमध्ये नाही.'

'दर व्हेरिएबलमागे १० घटना' हा नियम हवा तर एका वाक्यात जोडा: वर्गांसकट साधारण १३ गुणांक, अपेक्षित घटना ५५० च्या आसपास. पण तो नियम गुणांक स्थिर राहण्याबद्दल आहे, पॉवरबद्दल नाही, म्हणून एकट्या त्याच्यावर समर्थन उभं करू नका.

सगळ्यांत कच्चा दुवा ICC आहे. तो ०.०५ निघाला तर त्याच १२४२ मुलाखतींवर पॉवर ६७% च्या आसपास घसरते. हे आकडे परिशिष्टात आपणहून द्या. पैसे वाढवून मिळणार असतील तर एकेका क्लस्टरमध्ये जास्त माणसं घेण्यापेक्षा क्लस्टर वाढवा.

आणि बजेट मांडताना १३८० घरं धरू नका. ही संख्या गोळ्या चालू असलेल्या माणसांची आहे. चार घरांमागे एकच असा माणूस सापडत असेल, तर प्रत्येक क्लस्टरमध्ये ९२ घरांची यादी करावी लागेल, आणि त्या यादीचे दिवस आणि मानधन वेगळं दाखवावं लागेल.