सौरपंप: आधी विहीर मोजा, मग एचपी ठरवा

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ एचपी असे ठरलेलेच आहे. मग प्रकल्पात आकारमानाचे गणित मांडून उपयोग काय? (बी.टेक., तिसरे वर्ष, राहुरी)

किती क्षेत्राला जास्तीत जास्त केवढा पंप मंजूर होईल, एवढेच त्या तक्त्यात आहे. पाणी किती खोल आहे, पीक कोणते, ठिबक आहे की पाटपाणी, हे त्याला माहीत नाही. दोन एकराच्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाचे पाणी आठ मीटरवर आणि दुसऱ्याचे चाळीस मीटरवर असेल, तर दोघांनाही ३ एचपी मिळेल. पहिल्याचे भागेल, दुसऱ्याचे नाही.

श्रीगोंदा तालुक्यातली एक विहीर आम्ही फेब्रुवारीत मोजली होती, तीच घेऊ. दोन एकर रब्बी कांदा, ठिबकवर. त्या दिवसांतली पिकाची गरज रोज साधारण साडेपाच मिलिमीटर धरली. ८,००० चौरस मीटरला ती ४४ घनमीटर होते. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली की रोजची उपसा-गरज ४९, म्हणजे सरळ ५० घनमीटर.

आता हेड. पंप बंद असताना पाणी १२ मीटरवर होते, पण चालू पंपाला ते १४ वर गेले. मुलांची पहिली चूक नेमकी इथे होते: स्थिर पातळी लिहितात, उपशातली लिहीत नाहीत. विहिरीच्या काठापासून शेताची चढण ३ मीटर, पाइपमधले घर्षण ३ मीटर, आणि ठिबकचा एक किलोचा दाब व फिल्टर मिळून १५ मीटर. एकूण ३५ मीटर. यातला जवळजवळ निम्मा भाग पाणी वर काढण्याचा नाही, ठिबकच्या दाबाचा वगैरे आहे. हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याचा पंप शेतात कमी पडतो.

घनमीटर गुणिले हेड गुणिले ०.००२७२५ केले की पाण्याला द्यावी लागणारी ऊर्जा युनिटमध्ये मिळते. ५० × ३५ × ०.००२७२५ म्हणजे ४.७७ युनिट. पंप ६० टक्के, मोटर ८० आणि कंट्रोलर ९५ टक्के कार्यक्षम धरला तर एकत्रित सुमारे ४५ टक्के पडतात, म्हणून पॅनेलकडून १०.६ युनिट हवेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे दिवसाला सुमारे साडेपाच तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा धरायला हरकत नाही. उष्णता, धूळ आणि तारांमधला तोटा यासाठी ०.७५ने गुणायचे. १०.६ भागिले (५.५ × ०.७५) म्हणजे २.५७ किलोवॅट. ३ एचपीच्या संचाला ३,००० वॅटचे पॅनेल येतात, तेव्हा इथे ३ एचपी बसतो.

पण गणित इथे थांबवू नका. ही विहीर सहा मीटर व्यासाची आहे, म्हणजे तळाचे क्षेत्र २८ चौरस मीटर. ५० घनमीटर उपसले की पाणी १.८ मीटर खाली जाते. फेब्रुवारीत रात्रीतून दीड मीटर पाणी चढत होते आणि दिवसाही झरे चालू होते, त्यामुळे भागले. एप्रिलमध्ये तीच आवक रात्रीतून ८० सेंटिमीटरवर आली, म्हणजे जेमतेम २३ घनमीटर. अशा विहिरीवर ५ एचपी बसवला तर तो दुपारपर्यंत विहीर कोरडी करतो, ड्राय-रन संरक्षण पंप बंद करते आणि पॅनेल उन्हात नुसते उभे राहतात. उपसा आवकेपेक्षा जास्त असूच शकत नाही, म्हणून टेप आणि वही घेऊन रात्रीची चढ मोजा. त्यासाठी पैसे लागत नाहीत, आणि अहवालातले सगळ्यात विश्वासार्ह मोजमाप तेच ठरते.

पत्रकात लिहिलेले पाणी शेतात का येत नाही? कंपनी खोटे सांगते का? (बी.टेक., अंतिम वर्ष, अकोला)

बहुतेक वेळा खोटे नसते, अटी वेगळ्या असतात. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या तपशिलात रोजच्या पाण्याचा आकडा दिला आहे तो पॅनेलच्या पृष्ठभागावर दिवसाला ७.१५ युनिट प्रति चौरस मीटर ऊन पडेल असे धरून, म्हणजे दिवसातून पॅनेल सूर्याकडे वळवत राहिल्यास. आपण स्थिर पॅनेलवर ५.५ धरतो. तेवढ्यानेच पाणी २३ टक्के घटते. शिवाय पत्रकातले हेड तुमच्या हेडशी जुळते का, तेही पाहा.

शेतात तपासायचे असेल तर २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरे. स्वच्छ उन्हात भर दुपारी आमच्या उदाहरणातल्या पंपाने ३५ मीटर हेडवर सेकंदाला अडीच लिटर द्यायला हवेत, म्हणजे ड्रम ८० सेकंदांत भरला पाहिजे. मात्र ड्रम भरताना व्हॉल्व्ह दाबून दाबमापकावर ठिबकचा दाब कायम ठेवा, नाहीतर मोकळ्या तोंडाने आलेले पाणी फसवते. १००-११० सेकंद लागले तर आधी धूळ आणि सावली पाहा. पॅनेल एका रांगेत मालिकेने जोडलेले असतात, म्हणून बांधावरच्या बाभळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या रांगेची वीज खाली येते. ड्रम अडीच-तीन मिनिटे घेत असेल आणि मोटर नीट चालल्याचा आवाज येत असेल, तर मोटर उलट फिरत असण्याची शक्यता धरा. तीन फेजपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की फिरण्याची दिशा बदलते. अर्थात डीसी मुख्य स्विच बंद करून आणि कंट्रोलरमधला भार उतरल्यावरच; पॅनेल उन्हात असताना डीसी तारांत वीज असतेच.

सकाळी आठला पंप चालू झालेला दिसतो, पण ठिबकला दाबच येत नाही. असे का? (बी.टेक., दुसरे वर्ष, परभणी)

कारण कमी उन्हात कंट्रोलर मोटर हळू फिरवतो, आणि हेड गतीच्या वर्गाने घटते. समजा पंपाचे शून्य प्रवाहाचे हेड ५० हर्ट्झला ५० मीटर आहे. ४० हर्ट्झला ते ३२ मीटरच उरते. त्यातले १७ मीटर पाणी विहिरीतून काढून शेतापर्यंत चढवण्यातच जातात, मग ठिबक आणि घर्षणाला १५ मीटर राहतात, तेही पाणी वाहत नसतानाचे. त्याखाली २९-३० हर्ट्झपर्यंत पाइपात पाणी येते खरे, पण नुसते गळते. जवळच्या ड्रिपरमधून ते बाहेर येते, टोकाच्या ओळी कोरड्या राहतात आणि कांदा एका बाजूने बारीक होतो.

उपाय म्हणून काही जण व्हॉल्व्ह कमी उघडून पाहतात. ४३-४४ हर्ट्झच्या पुढे त्याचा उपयोग होतो, त्याआधी नाही, कारण तिथे पंपाकडे हेडच नाही. त्यामुळे मी तरी सल्ला देईन की सकाळचे पाणी टाकीत किंवा शेततळ्यात सोडा आणि साडेनऊनंतर ठिबक चालू करा. आरेखनातच हे सोडवायचे असेल तर थोड्या जास्त हेडचा पंप निवडा. वक्र पाहताना फक्त दुपारचा बिंदू नका पाहू.

परतफेडीचा काळ काढताना कोणी दोन वर्षे लिहितो, कोणी दहा. कोणते खरे? (एम.टेक., राहुरी)

दोन्ही खरे असू शकतात, फरक वापराच्या दिवसांचा असतो. तीच श्रीगोंद्याची विहीर घ्या, आणि तिथे आज डिझेलचे इंजिन आहे असे समजा. पाण्याला ४.७७ युनिट द्यायचे आहेत, पंप ५० टक्के कार्यक्षम, म्हणजे इंजिनने ९.५ युनिट द्यायचे. शेतातले जुने इंजिन लिटरला अडीच युनिट देते असे धरले तर रोज ३.८ लिटर. डिझेल ९० रुपये धरून ३४२ रुपये रोज. वर्षात पूर्ण भरण्याचे १२० दिवस धरले तर ४१,००० रुपये, ऑइल-दुरुस्तीसह ४५,०००. सौरपंपाच्या देखभालीचे ३,००० वजा केले की बचत ४२,०००. सौरसंच २ लाखांचा, नवे इंजिन ४० हजारांचे धरले तर जादा गुंतवणूक १ लाख ६० हजार, आणि साधी परतफेड ३.८ वर्षे. ८ टक्के व्याजाने मांडली तर ४.७ वर्षे.

आता फक्त एक आकडा बदला. पीक एकच असेल आणि भरणे ६० दिवसच चालत असेल, तर बचत २० हजारांच्या घरात येते आणि परतफेड आठ वर्षांवर जाते. ऊन तेच, पंप तोच. म्हणून शेतकऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘वर्षात किती दिवस मोटर चालवता?’ हा. तो लिहिलेला नसेल तर अहवालातला परतफेडीचा आकडा मी वाचतसुद्धा नाही.

अनुदानाचाही गोंधळ असतो. सर्वसाधारण गटातला शेतकरी दहा टक्के भरतो, म्हणजे २ लाखांच्या संचाला २० हजार, आणि त्याचे पैसे वर्षाच्या आत फिटतात. ते त्याचे उत्तर झाले. पूर्ण किमतीवर काढलेले ३.८ वर्षे हे तंत्रज्ञानाचे उत्तर. अहवालात दोन्ही स्वतंत्र रकान्यांत लिहा, एकमेकांत मिसळू नका.

पण ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीजबिल माफ आहे. मग बचत शून्य आणि परतफेड अनंत? (बी.टेक., अंतिम वर्ष, दापोली)

जोडणी आधीच असलेल्या शेतकऱ्याच्या खिशापुरते, हो. तिथे बिलाची बचत लिहिली तर ती खोटी बचत होईल. त्याला जे मिळते ते दिवसाचे पाणी: रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जाणे थांबते, साप-बिबट्याची भीती जाते, आणि रात्री डुलकी लागल्यावर फुटलेला पाट वाचतो. याला रुपये लावायचे असतील तर वाचलेल्या रात्रीच्या मजुरीने लावा, पण ते वेगळ्या ओळीत, गृहीतक दाखवून. जोडणी नसलेल्यासाठी मात्र तुलना डिझेलशीच करायची.

मला यात एक वेगळीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या उदाहरणात पॅनेल ३०० चांगल्या दिवसांत सुमारे ३,७०० युनिट देऊ शकतात, पंप वापरतो १,२७०. दोन तृतीयांश ऊन वाया जाते. कडबाकुट्टी किंवा पीठगिरणी चालवू शकणारा युनिव्हर्सल कंट्रोलर बसवला आणि वर्षाला आणखी ५०० युनिट कामी आली, तर त्यांची किंमत त्या घराच्या घरगुती दराने धरून मांडता येते. दापोलीत तुमच्याजवळ भातगिरण्या आहेत, तिथल्या मोटरचा सुरुवातीचा झटका कंट्रोलर पेलतो का, हे मोजून पाहा.