प्रबंधाच्या अहवालात 'संदर्भ कमकुवत' असा शेरा आला, आता काय करायचं?

प्रश्न: पीएचडीच्या परीक्षकांचा अहवाल आलाय. 'संदर्भनोंदी कमकुवत आहेत, पुढील दुरुस्त्या कराव्यात' असं लिहून पानांसकट सहा जागा दाखवल्यात. सहाच दुरुस्त करून देऊ की अजून काही करावं लागेल?

उत्तर:

सहा जागा हे सहा नमुने समजा. परीक्षक तीनशे पानांतली प्रत्येक टीप तपासत बसत नाहीत. चार-दोन ठिकाणी ठेच लागली की त्या लिहून देतात आणि तसल्या बाकीच्या तुम्ही शोधाव्यात अशी अपेक्षा ठेवतात. अहवालात 'उदा.' असेल तर तसं उघडच म्हटलंय.

माझा प्रबंध इतिहासाचा होता. एक शेरा असा: 'टीप ३४: तत्रैव म्हणजे कोणता ग्रंथ?' मी उघडून पाहिलं तर टीप ३३ मध्ये वर्तमानपत्राचा अंक, आणि ३४ मध्ये 'तत्रैव, पृ. २१२'. चार पानी वर्तमानपत्राला दोनशे बारावं पान कुठून येणार? शेवटच्या महिन्यात मध्येच एक परिच्छेद घातला होता, त्याची टीप दोन टिपांच्या मधे येऊन बसली. वर्ड टिपांचे क्रमांक आपोआप बदलतं, पण 'तत्रैव'चा रोख कुणाकडे होता हे त्याला कळत नाही. मग Ctrl+F ने सगळे 'तत्रैव' शोधले आणि जुन्या मसुद्याशी ताडून प्रत्येक जागी लेखकाचं आडनाव, ग्रंथाचं छोटं नाव आणि पान लिहिलं. परीक्षकांनी एक दाखवला होता, मला अकरा चुकीचे सापडले.

दुसरा शेरा जास्त झोंबला: 'मूळ अंक पाहिला आहे काय?' १८७७ साली सुरू झालेल्या 'दीनबंधु'तला उतारा मी एका अलीकडच्या पुस्तकातून उचलला होता, पण टीप मात्र थेट अंकाची दिली होती. पकडलं कसं? त्या पुस्तकात तारखेचा मुद्रणदोष होता आणि तोच माझ्याकडेही जसाच्या तसा उतरला होता. अशा वेळी दोनच रस्ते: मूळ अंक गाठा, नाहीतर 'अमुक पुस्तकात उद्धृत, पृ. इतकं' असं सरळ लिहा. दुसऱ्यात कमीपणा काही नाही. न पाहिलेला अंक पाहिल्यासारखा दाखवणं मात्र परीक्षक सहज सोडत नाहीत. (साम्य-तपासणीचा अहवाल १० टक्क्यांच्या आत आहे, हे इथे उत्तर होत नाही. ते सॉफ्टवेअर जुळणारा मजकूर शोधतं, टीप खरी की खोटी हे त्याला समजत नाही.)

दुरुस्त प्रतीसोबत एक तक्ता जोडा: परीक्षकांचा शेरा त्यांच्याच शब्दांत, तुम्ही काय केलं, जुनं पान, नवं पान. दुरुस्तीनंतर पानं सरकतात, म्हणून दोन्ही क्रमांक लागतात. अहवालाबाहेरच्या ज्या चुका तुम्हाला सापडल्या, त्याही तळाशी नोंदवा. एखादा शेरा पटला नसेल तर त्या ओळीत कारण लिहा, जागा कोरी सोडू नका.