नॅप्थॅलिनची ज्वलन एन्थाल्पी बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये चुकीची का येते?

प्रश्न: नॅप्थॅलिनचा ΔU −5145 kJ/mol आला. कॅलिब्रेशनला बेंझोइक ॲसिडचा −3227 kJ/mol वापरला होता. Δn = 14 − 12 = +2 धरून ΔH −5140 येतो, पुस्तकात −5156 आहे. चूक कुठे?

उत्तर: दोन चुका कागदावरच्या आहेत. उरलेला फरक बहुधा थर्मामीटरच्या आलेखात सापडेल.

आधी Δn. तुम्ही पाणी वाफ म्हणून मोजलंय. पण बॉम्ब बंद करण्याआधी आपण तळाशी 1 मिली पाणी टाकतो, ते यासाठीच की आतला वायू आधीच बाष्पाने संपृक्त असावा आणि ज्वलनातून तयार झालेलं पाणी द्रवरूपातच यावं. म्हणून समीकरण असं लिहायचं:

C₁₀H₈(s) + 12 O₂(g) → 10 CO₂(g) + 4 H₂O(l)

फक्त वायूंचे मोल मोजले की Δn = 10 − 12 = −2. मग ΔnRT = −2 × 8.314 × 298 J, म्हणजे जवळपास −5 kJ/mol. बॉम्बचं आकारमान बदलत नसल्याने आत कार्य होत नाही आणि आपण ΔU मोजतो. स्थिर दाबावर मात्र वायू आकसला असता, वातावरणाने त्याच्यावर कार्य केलं असतं, आणि तेवढी उष्णता जास्त बाहेर पडली असती. म्हणून ΔH हा ΔU पेक्षा आणखी ऋण. नुसत्या चिन्हाने तुमचे 10 kJ गेले.

दुसरी चूक बेंझोइक ॲसिडच्या आकड्यात. −3227 ही प्रमाण अवस्थेतली एन्थाल्पी आहे. तिला 122.12 ने भागलं तर 26.425 kJ/g मिळतात. कॅलिब्रेशनला हवी ती स्थिर आकारमानावरची, बॉम्बमधल्या परिस्थितीतली उष्णता, म्हणजे 30 atm ऑक्सिजन आणि थोडं पाणी असताना मोजलेली. ती प्रमाणित नमुन्याच्या प्रमाणपत्रावर असते, साधारण 26.434 kJ/g. फरक 0.03 टक्क्यांचा, पण नॅप्थॅलिनच्या मोलमागे तो 2 kJ च्या आसपास जातो. (नॅप्थॅलिनच्या आकड्यातही बॉम्बमधल्या परिस्थितीचा असा छोटा वाटा असतो; प्रॅक्टिकलच्या पातळीवर आपण तो सोडतो.)

माझ्या एका रनचे आकडे देतो, म्हणजे बाकीच्या दुरुस्त्यांचा अंदाज येईल. बेंझोइक ॲसिडची गोळी 1.0024 g, तिची उष्णता 26497 J. फ्यूज वायर 8.2 सेमी जळाली. आमच्या निक्रोम वायरला सेंटीमीटरमागे 9.6 J, म्हणजे 79 J. बॉम्बमधल्या नायट्रोजनपासून नायट्रिक ॲसिड बनतं. धुतलेलं पाणी टायट्रेट केल्यावर 0.1 M NaOH चे 7 मिली लागले, म्हणजे 42 J. एकूण 26618 J. दुरुस्त ΔT 2.619 K. भागाकार 10163 J/K, हीच कॅलरीमीटरची उष्णताधारकता. असे पाच-सहा रन घ्या. ते एकमेकांच्या 0.1 टक्क्यात आले नाहीत तर नॅप्थॅलिनकडे वळूच नका.

ही उष्णताधारकता त्याच बादलीतल्या तेवढ्याच पाण्यासाठी खरी. 2000 g ऐवजी 2001 g भरलं तर ती 4 J/K ने बदलते, आणि उत्तर 2 kJ ने हलतं. म्हणून मोजपात्राच्या खुणेवर न जाता पाणी वजन करूनच घ्यायचं.

आता तुमचं उत्तर: −5145 मध्ये कॅलिब्रेशनची दुरुस्ती केली की −5147, त्यात −5 मिळवले की −5152. राहिले 4 kJ, म्हणजे 0.08 टक्के. 2.4 K वाढीत तो फरक जेमतेम 0.002 K चा आहे! एवढी चूक ΔT काढण्याच्या पद्धतीतच सहज होते. सर्वांत वरचं वाचन वजा सर्वांत खालचं, असं केलं असेल तर तिथेच शंका घ्या. ज्वलनाआधीचा आणि नंतरचा तापमान सरकण्याचा कल सरळ रेषांनी वाढवा आणि एकूण वाढीच्या 63 टक्के झालेल्या क्षणी उभ्या रेषेवर दोन्हींमधलं अंतर मोजा.

वाढ साधारण सारखी राहावी म्हणून नॅप्थॅलिन 0.6 ते 0.65 g घ्या, म्हणजे थर्मामीटरचे दोष दोन्ही रनमध्ये सारखेच येऊन बरेचसे कापले जातात. गोळी दाबून झाली की लगेच वजन करून बॉम्ब बंद करा, नॅप्थॅलिन उडून जातं. ऑक्सिजन सावकाश सोडा, नाहीतर गोळीचा चुरा उडून मुशीबाहेर पडतो. उघडल्यावर मुशीत काजळी दिसली तर तो रन रद्द: कार्बन जळायचा राहिलाय आणि उष्णता कमीच येणार. तुमचं उत्तरही कमीच आलंय, म्हणून मी आधी मूस पाहीन आणि मग आलेख.